छायाचित्रातली खिंड कोणती?

समजा, डिसेंबरच्या सुट्टीत वऱ्हाडात फिरून गेलेल्या एका प्रवाशाने तुम्हांला एक छायाचित्र पाठवले आहे. सोबत चार ओळी आहेत : "अकोल्याहून अकोटकडे जाताना दुपारी बाराच्या सुमारास हे चित्र घेतले. नेमके कोठे, ते आता आठवत नाही. मधला सपाट माथ्याचा डोंगर म्हणजे नरनाळा किल्ला, असे बसमधल्या एका गृहस्थांनी सांगितले. त्याच्या डावीकडे डोंगररांगेत जी खाच दिसते, ती कोणती खिंड आहे? कोणी म्हणतात, हाच धूळघाट. आपण नक्की सांगू शकाल का?"

चित्र एकच आहे. आपल्याजवळ आहेत एक मोजपट्टी, एक कोनमापक आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा. एवढ्यावर किती सांगता येईल आणि किती सांगता येणार नाही, ते आपण पायरीपायरीने पाहू या.

आधी दिशा

वऱ्हाडचा मधला भाग म्हणजे पूर्णा नदीचे सपाट खोरे. त्याच्या उत्तरेला सातपुड्यापैकी गाविलगडचे डोंगर आहेत आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत. दोन्हीकडे खडक एकच, काळा बसाल्ट. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचून तो बनलेला असल्यामुळे दोन्हीकडच्या डोंगरांचे माथे टेबलासारखे सपाट दिसतात. म्हणून "सपाट माथा आहे, तेव्हा नरनाळाच असणार" हा पुरावा फारच कच्चा आहे. बसमधल्या गृहस्थांचे म्हणणे आपल्याला दुसऱ्या मार्गाने तपासले पाहिजे.

येथे सूर्य मदतीला येतो. अकोट सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश उंचीवर असतो. त्यामुळे डोंगराची दक्षिणेकडील बाजू उजळलेली असते आणि उत्तरेकडील उभे कडे सावलीत असतात. आपल्या चित्रात डोंगराचा समोरचा कडा लख्ख उजेडात आहे. म्हणजे चित्र घेणाऱ्याच्या पाठीशी सूर्य होता आणि तो उत्तरेकडे पाहत होता. समोरची रांग सातपुड्याचीच ठरली.

मात्र हा नियम वर्षभर वापरू नका. अकोट कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे साधारण मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत घेतलेल्या चित्रावरून असा निष्कर्ष काढला, तर तो फसेल.

चित्रातले सेंटिमीटर आणि डोळ्यांतले अंश

छायाचित्रात अंतर नसते, कोन असतात, ही या विषयातली मुख्य गोष्ट आहे. जवळची टेकडी आणि दूरचा पर्वत चित्रात सारख्याच उंचीचे दिसू शकतात. कॅमेऱ्याने टिपलेली असते ती प्रत्येक वस्तूची दिशा.

कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी किती रुंद देखावा टिपते, ते कोनात सांगतात. आपल्या प्रवाशाच्या कॅमेऱ्याचा हा कोन ६५ अंश आहे असे धरू. चित्राची प्रत १५ सेंटिमीटर रुंद आहे. आता कागदावर १५ सेंटिमीटर पायाचा आणि ६५ अंशांच्या शिरःकोनाचा समद्विभुज त्रिकोण काढा. त्याची उंची मोजा. ती सुमारे ११.८ सेंटिमीटर भरेल. याचा अर्थ असा की, चित्र एका डोळ्यासमोर ११.८ सेंटिमीटरवर धरले, तर त्यातली प्रत्येक वस्तू प्रत्यक्षात दिसली होती तेवढ्याच कोनात दिसेल.

आता नरनाळा तपासू या. पायथ्याचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर आणि किल्ल्याचा माथा ९०० मीटरांहून उंच, म्हणजे मैदानावरून चढ सुमारे ६०० मीटर धरू. चित्रात हा डोंगर मैदानावर ४.४ मिलिमीटर उंच भरतो. समरूप त्रिकोणांच्या नियमाने,

अंतर = ६०० मीटर × ११८ ÷ ४.४ = सुमारे १६,१०० मीटर.

नकाशावर अकोट ते नरनाळा हे सरळ रेषेतले अंतर जवळजवळ १६ किलोमीटरच आहे. प्रवाशाचा मार्ग, सूर्याची दिशा आणि डोंगराची उंची या तिन्ही गोष्टी जुळल्या. तो अकोटजवळ उभा होता आणि मधला डोंगर नरनाळा आहे, असे आता बऱ्याच भरवशाने म्हणता येते.

'बऱ्याच' म्हणण्याचे कारण आहे. मोजपट्टीने अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. ४.४ ऐवजी ३.९ धरले तर अंतर १८ किलोमीटर येते आणि ४.९ धरले तर साडेचौदा येते. डोंगराचा पायथा झाडांनी झाकला असेल, तर चूक आणखी वाढेल. म्हणून उत्तर लिहिताना "१६ किलोमीटर" असे न लिहिता "साडेचौदा ते अठराच्या दरम्यान" असे लिहावे. चित्र मोठे करून मोजले, तर ही चूक कमी होते.

आणखी एक सावधगिरी. कोणी चित्राच्या कडा कापल्या असतील, तर ६५ अंशांचा आपला आधारच जातो. म्हणून न कापलेले मूळ चित्र मागवून घ्यावे.

धूळघाट की आणखी काही?

नरनाळा चित्राच्या बरोबर मध्यभागी आहे आणि खाच त्याच्या डावीकडे ३.२ सेंटिमीटरवर आहे. एक काटकोन त्रिकोण काढा. त्याची एक बाजू ११.८ आणि दुसरी ३.२ सेंटिमीटर घ्या. डोळ्याच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. तो १५ अंश येतो.

आता १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा पसरा. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अकोटपासून नरनाळ्यापर्यंत रेषा आखा, ती सुमारे ३२ सेंटिमीटर होईल. तिच्या पश्चिमेला १५ अंशांवर दुसरी रेषा आखा. आपली खाच या दुसऱ्या रेषेवर कोठेतरी आहे.

धूळघाटाचे काय? अकोल्याहून खांडव्याकडे जाणारी जुनी मीटरगेज आगगाडी वाण नदीच्या खोऱ्यातून धूळघाटाकडे चढत असे. चढ सोपा व्हावा म्हणून तेथे रूळ वेटोळे घालून स्वतःवरूनच नेलेले होते. मेळघाटातून जाणारी ही गाडी २०१७ च्या आरंभी बंद झाली, पण घाटाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. म्हणूनच या भागातली कोणतीही खाच दिसली की 'धूळघाट' हे नाव चटकन सुचते.

परंतु वाण नदी डोंगरातून मैदानात उतरते, ती जागा अकोटच्या पश्चिम-वायव्येला आहे. नकाशावर अकोटहून तिकडे रेषा आखली, तर नरनाळ्याच्या रेषेशी ती ५० अंशांहून मोठा कोन करते. आपल्या चित्रात मात्र मध्यापासून डावीकडे जास्तीत जास्त साडेबत्तीस अंशच मावतात. म्हणजे वाणेची दरी या चित्रात येऊच शकत नाही. खाच धूळघाटाची नाही, हे आपण घराबाहेर न पडता सिद्ध केले.

पण ती खिंड तरी आहे का?

येथे बहुतेकजण फसतात. डोंगररेषेवर खाच दिसण्याची तीन कारणे असू शकतात. पहिले, खरी खिंड, म्हणजे दोन माथ्यांमधला खोलगट भाग, जेथून पलीकडे उतरता येते. दुसरे, नदीने कापलेली दरी. तिचा तळ जवळजवळ मैदानापर्यंत खाली येतो. तिसरे कारण फसवे आहे. एक धार जवळ आणि दुसरी बरीच मागे असली, तर त्यांची टोके दृष्टीच्या रेषेत शेजारी येतात आणि मध्ये खाच असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेथे काहीच नसते.

फसवी खाच ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंचा रंग पाहा. मागची धार हवेतील धूलिकणांमुळे आणि बाष्पामुळे अधिक फिकट, निळसर दिसते. दोन्ही बाजू सारख्याच गडद असतील, तर त्या बहुधा सारख्याच अंतरावर आहेत.

खात्रीचा उपाय मात्र एकच, तो म्हणजे दुसऱ्या जागेवरून पाहणे. समजा, एक धार ५ किलोमीटरवर आणि दुसरी ९ किलोमीटरवर आहे. तुम्ही ५०० मीटर बाजूला सरकलात, तर जवळची धार ५.७ अंशांनी आणि दूरची ३.२ अंशांनी सरकलेली दिसेल. दोहोंत अडीच अंशांचा फरक पडेल आणि खाच मिटेल किंवा रुंदावेल. खरी खिंड जवळजवळ जशीच्या तशी राहील. विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासेकडून सुरू केलेली त्रिकोणांची मोजणी अचलपूरच्या परिसरापर्यंत आली होती. पुढे २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्या मोजणीचा पायाही हाच होता : एका ठिकाणाहून फक्त दिशा कळते, जागा ठरवायला दोन ठिकाणे लागतात.

आपल्याजवळ दुसरे ठिकाण नाही. म्हणून आखलेल्या रेषेवरच्या समोच्चरेषा वाचायच्या. त्या २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. जेथे दोन उंच भागांमध्ये त्या खाली उतरून पुन्हा चढतात, तेथे खिंड असू शकते. अशा दोन जागा सापडल्या, तर उत्तरात दोन्ही कळवायच्या.

प्रवाशाला काय लिहाल?

"आपण अकोटजवळून उत्तरेकडे पाहत होता. मधला डोंगर नरनाळा. खाच त्याच्या पश्चिमेला १५ अंशांवर आहे. ती धूळघाट किंवा वाणेची दरी नाही. नकाशावरील जागा सोबत खूण करून पाठवली आहे. नाव मात्र नकाशावरून ठरवता येत नाही. ते पायथ्याच्या गावांत विचारावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. एकाच घाटाला खालचे गाव एक नाव देते आणि वरची कोरकू वस्ती दुसरे. नुसत्या अंदाजाने दिलेले नाव एकदा छापले गेले, की पुढचे लोक तेच उचलतात आणि गावकऱ्यांचे नाव मागे पडते. शिवाय हा डोंगराळ भाग वाघांच्या राखीव जंगलाला लागून आहे. चुकीच्या घाटाचे नाव घेऊन निघालेला माणूस चुकीच्या फाटकावर पोहोचेल.

करून पाहा : तुमच्या शाळेच्या गच्चीवरून दिसणारी एखादी डोंगररेषा टिपा आणि दोन ओळखीच्या खुणांमधला कोन वरील रीतीने काढा. मग हात सरळ पुढे धरून अंगठ्याने तोच कोन मोजा. अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश असते. दोन्ही उत्तरांत किती फरक पडला आणि तो कशामुळे पडला असेल, ते वहीत लिहा.