वाचकांचे प्रश्न : भाडेकराराचा इंग्रजी मसुदा

प्रश्न : आम्ही वेल्ह्याचे. नसरापूरला वडिलांच्या नावावर घर आहे. शिरवळच्या कंपनीत काम करणाऱ्या एका गृहस्थांना ते ११ महिन्यांसाठी द्यायचं ठरलं आहे. एजंटने इंग्रजी मसुदा पाठवला आहे. वडिलांना इंग्रजी येत नाही आणि मला कायद्याचं इंग्रजी समजत नाही. नावातही फरक दिसतो. सही करण्याआधी काय तपासावं?

उत्तर : तुम्ही पाठवलेली प्रत मी ओळीओळीने वाचली. तुम्हाला नावाची काळजी वाटते, पण त्याहून मोठी चूक मधल्या कलमांत आहे.

मसुद्याचा मथळा ‘लीव्ह अँड लायसेन्स’ असा आहे. पहिल्या पानावर वडील ‘लायसेन्सर’ आणि समोरचे गृहस्थ ‘लायसेन्सी’ आहेत. चौथ्या कलमात तेच गृहस्थ ‘टेनंट’ होतात, सातव्यात ‘लेसी’. पैशालाही कुठे ‘लायसेन्स फी’ म्हटलं आहे, कुठे ‘रेंट’. हे वेगवेगळ्या जुन्या करारांतले तुकडे जोडल्याचं लक्षण आहे. लायसेन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. त्यात घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. लीज म्हणजे भाडेपट्टा. त्यात जागेत हक्क निर्माण होतो आणि मुदत संपल्यावर माणसाला बाहेर काढणं अवघड जातं. मथळ्यावर विसंबून राहू नका. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या जागेचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कागदावर लायसेन्स लिहिलेलं असूनही १९५९ मध्ये न्यायालयाने तो व्यवहार लीज ठरवला. दोन्ही बाजूंचा हेतू काय होता आणि जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता, हे पाहिलं गेलं.

म्हणून तुमच्या सहाव्या कलमातले ‘एक्सक्लुझिव्ह पझेशन’ हे शब्द काढायला लावा. त्याऐवजी ‘घर फक्त राहण्यासाठी वापरण्याची परवानगी, कायदेशीर ताबा लायसेन्सरकडेच’ या अर्थाचं वाक्य हवं. मग मसुदा वर्डमध्ये उघडून शोधाच्या चौकटीत tenant, lessee, lessor, landlord, rent हे शब्द एकेक टाका. जिथे सापडतील तिथे बदला. एका माणसाला कागदभर एकच नाव आणि एका रकमेला एकच शब्द हवा. लायसेन्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये c आणि s दोन्ही दिसतात. त्याने हक्क बदलत नाही, एकच ठेवा म्हणजे झालं.

व्याकरणाची खरी अडचण नोटिशीच्या कलमात आहे. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे. पुढचं वाक्य म्हणतं, ‘आफ्टर लॉक-इन’ एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल. इथे ‘आफ्टर’ कशाला लागतो? नोटिशीला लागला तर ती सहा महिने संपल्यावरच देता येते, म्हणजे निदान सात महिने जातात. करार संपवण्याला लागला तर नोटीस पाचव्या महिन्याअखेरीस देऊन सहा महिन्यांनी घर सोडता येतं. एका महिन्याच्या भाड्याचा हा फरक आहे. आधी तोंडी काय ठरलं ते विचारून घ्या आणि दोन वाक्यं करा : सहा महिन्यांत कोणीही करार संपवणार नाही. नोटीस सहा महिने संपण्याआधी देता येईल की नंतरच, हे स्पष्ट लिहून, ती हाती पडल्यापासून एक महिन्याने करार संपेल. डिपॉझिटच्या कलमात ‘परत केलं जाईल’ एवढंच आहे. कोण, किती दिवसांत, काय वजा करून, हे त्यात लिहा.

आता नाव. आधारवर Dnyaneshwar आहे, पहिल्या पानावर Dyaneshwar, सहीच्या पानावर पुन्हा बरोबर. ऑनलाइन नोंदणीत ओळख आधारवरून पटवली जाते, म्हणून आधारचंच स्पेलिंग सगळीकडे घ्या. पॅनवर वेगळं असेल तर ‘उर्फ’ घालून तेही एकदा लिहा. पत्त्यात मात्र घोटाळा आहे. नसरापूर भोर तालुक्यात येतं, मसुद्यात ते वेल्हे तालुक्यात टाकलं आहे. वडिलांच्या राहत्या पत्त्यासाठी तालुका ‘राजगड, पूर्वीचा वेल्हे’ असा लिहा, कारण तालुक्याचं नाव बदललं तरी जुन्या कागदांवर वेल्हेच आहे. घराचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून उतरवा.

तारीखही चुकली आहे. १ तारखेला सुरू होणारे ११ महिने अकराव्या महिन्याच्या अखेरीस संपतात. मसुद्यात बारावा महिना धरला आहे. मुद्रांक शुल्क एकूण मुदतीच्या भाड्यावर काढलं जातं, त्यामुळे तेही चुकेल. रकमा आकड्यांत आणि अक्षरांत जुळतात का, तेही पाहा. वाद झाला तर अक्षरी रकमेला सहसा जास्त वजन मिळतं.

दुरुस्त प्रत छापली की कोणाकडून तरी कलमागणिक मराठीत वाचून वडिलांना ऐकवा आणि मगच अंगठा किंवा सही होऊ द्या. नोंदणीनंतर चूक सापडली तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचं चूकदुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावं लागतं, आणि तोवर समोरचे गृहस्थ सही करायला तयार असतीलच असं नाही.