पर्पल शाम्पू: क्लायंटला बाटली देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

व्हिडिओत आपण सिल्व्हर हायलाइट्सनंतरची काळजी बघितली. पार्लर सुरू करणाऱ्यांसाठी त्यातला एक भाग इथे सविस्तर लिहितोय. कारण पर्पल शाम्पूची बाटली विकणं सोपं आहे, पण ती कशी वापरायची हे सांगितलं नाही तर तीच क्लायंट तक्रार घेऊन परत येते.

आधी हा शाम्पू करतो काय? तो केस उजळवत नाही. त्यात जांभळा रंग असतो आणि धुताना तो केसावर थोडासा बसतो. जांभळा आणि पिवळा हे एकमेकांच्या विरुद्ध रंग, त्यामुळे पिवळेपणा दबतो आणि केस जास्त स्वच्छ, चंदेरी दिसतात. पुढच्या काही धुण्यांत हा रंग निघून जातो. म्हणून शाम्पू पुन्हा वापरावा लागतो.

प्रश्न १: केस पिवळा आहे की नारिंगी?
आपल्याकडचे केस मुळात काळे. ब्लीच केल्यावर ते आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात. पिकलेल्या केळ्याच्या सालीची आतली बाजू जशी फिकट पिवळी असते, तितका केस उजळला असेल तर पर्पल शाम्पू छान काम करतो. केस अजून नारिंगी असेल, तर कितीही वेळ ठेवा, फरक पडणार नाही. नारिंगीच्या विरुद्ध रंग निळा, म्हणून तिथे ब्लू शाम्पू किंवा पार्लरमध्ये टोनर लागतो. पांढऱ्या केसांवर जुनी मेंदी असेल तरी हेच लागू.

प्रश्न २: टोकं कोरडी आहेत का?
ब्लीचने केस सच्छिद्र होतो. टोकं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त सच्छिद्र, त्यामुळे ती रंग पटकन ओढून घेतात. मुळांकडचा भाग पिवळाच राहतो आणि टोकं जांभळी किंवा राखाडी होतात. बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

प्रश्न ३: आठवड्यातून किती वेळा डोकं धुता?
ब्लीच केलेल्या केसांना आठवड्यातून एकदा पुरे. रोज धुणाऱ्यांनीही बाकीच्या दिवशी साधा, शक्यतो सल्फेट नसलेला शाम्पू वापरावा. नैसर्गिक पांढऱ्या केसांना पंधरा दिवसांतून एकदा चालतं. बोअरच्या पाण्यातल्या लोहामुळे किंवा तेलाच्या थरामुळे पिवळेपणा आला असेल, तर आधी चेलेटिंग किंवा क्लॅरिफाइंग शाम्पूने धुवावं लागतं. नाहीतर त्या थरावर जांभळा रंग नीट बसत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, खांद्यापर्यंत केस असलेली क्लायंट हायलाइट्सनंतर तीन आठवड्यांनी आली. ती म्हणते, "ताई, टोकं जांभळी झालीत आणि वर अजून पिवळंच आहे." विचारल्यावर कळतं की ती प्रत्येक वेळी हाच शाम्पू लावते, टोकांपासून सुरुवात करते आणि पंधरा मिनिटं ठेवते.

अशा वेळी पुन्हा ब्लीच मारू नका. टोकांना क्लॅरिफाइंग शाम्पू लावून एक-दोनदा धुवा, नंतर भरपूर कंडिशनर लावा. बराच जांभळा रंग निघतो, उरलेला पुढच्या धुण्यांत जातो. घरी मात्र असं करायला सांगा:

- केस पूर्ण ओले करा. कोरड्या केसांवर लावू नका, डाग पडतात.
- हातमोजे घाला. आधी सगळ्यात पिवळ्या भागावर लावा, टोकांना शेवटी.
- पहिल्या वेळी एक-दोन मिनिटंच ठेवा. धुऊन, वाळवून बघा. कमी वाटलं तर पुढच्या वेळी एक मिनिट वाढवा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुढे जाऊ नका.
- नंतर कंडिशनर लावायलाच हवा, कारण हा शाम्पू केस कोरडे करू शकतो.

खात्री नसेल तर आधी मानेजवळची एक बट करून बघा.

आता हिशोब. एका वेळी १० मिली लागला तर २५० मिलीची बाटली २५ वेळा पुरते, म्हणजे आठवड्यातून एकदा वापरल्यास जवळपास सहा महिने. म्हणून "रोज लावा" सांगून दोन महिन्यांत दुसरी बाटली खपवायचा विचार करू नका. जांभळी टोकं साफ करायला तुमची खुर्ची तासभर अडकली, तर बाटलीवरचा नफा तिथेच गेला.

आजचं काम: पोस्टकार्डाएवढ्या कागदावर 'आठवड्यातून एकदा, टोकं शेवटी, एक-दोन मिनिटं' असं छापा आणि प्रत्येक बाटलीबरोबर द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!