निकाल हाती आला, पैसे नाहीत

‘ताई, त्याच्या फोर-ओ-वन-केमधलं मला काही मिळेल का?’ न्यू जर्सीत आमच्याकडच्या बायकांमध्ये कोणाचा संसार मोडायला आला की हा प्रश्न हळूच माझ्यापर्यंत येतो. मिळतं, हे उत्तर सोपं आहे. कसं मिळतं आणि मधे काय निसटतं, हे मात्र मला माझ्याच घटस्फोटात कळलं. म्हणून हे सविस्तर सांगते.

लग्नानंतर आम्ही इथे आलो. मी बरीच वर्षं एच-४ व्हिसावर होते, म्हणजे कमाई एकाची. माझ्या नावावर निवृत्तीसाठी एक पैसाही नव्हता. त्याच्या कंपनीच्या ४०१ के खात्यात मात्र दर पगारातून रक्कम जात होती, वर कंपनीचा वाटा. न्यू जर्सीत लग्नाच्या काळात जमलेली अशी रक्कम दोघांची समजली जाते आणि मोजणी साधारणपणे घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल होतो त्या दिवसापर्यंत होते. खातं कोणाच्या नावावर आहे, याला महत्त्व नाही. आमचा अर्ज २०१८ मध्ये दाखल झाला, तेव्हा खात्यात २,४०,००० डॉलर होते. सगळे लग्नानंतरचेच. निम्मे माझे ठरले आणि तडजोडीच्या करारात तसं वाक्य आलं. न्यायाधीशांनी सही केली. पुण्याहून आई म्हणाली, ‘चला, सुटलीस बाई.’

निकालाची प्रत घेऊन मी योजनेच्या कार्यालयाला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘क्वाड्रो आहे का?’

घटस्फोटाचा निकाल असतो नवराबायकोच्या मधला. कंपनीची निवृत्ती योजना त्यात कुठेच नसते. १९७४ च्या एरिसा कायद्यानुसार कर्मचाऱ्याची ही रक्कम दुसऱ्या कोणाला देता येत नाही. सावकाराला नाही आणि बायकोलाही नाही. १९८४ मध्ये कायद्यात एक अपवाद घातला गेला, तो म्हणजे क्वालिफाइड डोमेस्टिक रिलेशन्स ऑर्डर, बोलीभाषेत क्वाड्रो. हिच्यावर कोर्टाची सही लागते आणि त्यानंतर योजनेचा प्रशासक ती तपासून मंजूर करतो. तोवर तुमच्या नावाने काही वळत नाही. या मधल्या काळात नवऱ्याने नोकरी बदलून पैसे दुसरीकडे नेले, तर जुन्या योजनेसाठी लिहिलेली ऑर्डर नुसता कागद उरते.

माझी पहिली ऑर्डर परत आली. वकीलबाईंनी त्यात ‘पतीच्या कंपनीची निवृत्ती योजना’ एवढंच लिहिलं होतं. योजनेचं अधिकृत नाव वेगळं होतं आणि कायद्याला प्रत्येक योजनेचं नाव लागतं. शिवाय दोघांची नावं, पत्ते, रक्कम किंवा टक्केवारी आणि ती कोणत्या काळाला लागू आहे, हेही लागतं. बहुतेक योजनांकडे ऑर्डरचा तयार नमुना आणि लेखी कार्यपद्धती असते. मागितली की देतात. मसुदा कोर्टात जाण्याआधी योजनेकडे तपासायला पाठवता आला, तर महिनोन्‌महिने वाचतात.

खरा फटका मात्र दुसऱ्या एका वाक्याने बसला, किंवा नसलेल्या वाक्याने म्हणा. करारात माझा वाटा ‘१,२०,००० डॉलर’ असा ठोक आकड्यात लिहिला होता. ऑर्डर मंजूर होईपर्यंत बाजार चढला आणि त्याच्या खात्यातली जुनी रक्कम सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढली. माझे एक लाख वीस हजार त्याच फंडात गुंतलेले होते, त्यांचे १,३८,००० झाले होते. मला मिळाले १,२०,०००. वरचे अठरा हजार त्याच्याकडेच राहिले, कारण ‘अमुक तारखेपासून वाटणीच्या दिवसापर्यंतच्या नफ्यातोट्यासह’ हे शब्द करारात नव्हते. बाजार पडला असता, तर ठोक आकड्याने माझा फायदा झाला असता, हेही खरं. पण ते नशिबावर सोडू नये. टक्केवारी, तारीख आणि नफातोटा, तिन्ही स्पष्ट लिहून घ्या. त्याने खात्यातून कर्ज काढलं असेल, तर निम्मे करताना ते धरायचं की वगळायचं, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. पन्नास हजारांचं कर्ज वगळून उरलेल्याचे निम्मे केले, तर तुमचे पंचवीस हजार कमी होतात.

पैसे वळते होताना योजनेने विचारलं की रोख हवेत की स्वतःच्या आयआरए खात्यात. इथे क्रम सांभाळावा लागतो. मला घराच्या डिपॉझिटला आणि वकिलाच्या बिलाला वीस हजार हवे होते. ते मी थेट योजनेतून घेतले. त्यातून वीस टक्के, म्हणजे चार हजार, करापोटी आधीच कापले गेले आणि सोळा हजार हातात आले. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये सगळे वीस हजार माझं उत्पन्न म्हणून दाखवावे लागले. पण वयाची साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होण्याआधी पैसे काढल्याचा दहा टक्के दंड लागला नाही, कारण क्वाड्रोने योजनेतून मिळालेल्या रकमेला तो माफ आहे. उरलेले एक लाख थेट माझ्या आयआरएमध्ये गेले, त्यावर तेव्हा कर नाही. सगळेच पैसे आधी आयआरएत टाकून मग वीस हजार काढले असते, तर दोन हजार दंड भरावा लागला असता. तेव्हा लगेच लागणारी रक्कम आधी काढून घ्या आणि बाकीची मग हलवा. त्याच्या स्वतःच्या आयआरए खात्यासाठी क्वाड्रो लागतच नाही. निकालाच्या आधारे ते खातं सांभाळणारी संस्था तुमचा वाटा तुमच्या आयआरएत वळवते.

आता दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ज्याचं खातं आहे त्याच्यासाठी. ड्युपाँट कंपनीतल्या विल्यम केनेडी यांचा १९९४ मध्ये घटस्फोट झाला. पत्नीने त्यांच्या निवृत्तीच्या रकमेवरचा हक्क निकालातच सोडला होता. पण बचत योजनेच्या फॉर्मवर वारस म्हणून तिचंच नाव राहिलं. २००१ मध्ये ते वारले आणि योजनेने सुमारे चार लाख डॉलर तिलाच दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की योजनेने फॉर्मप्रमाणे वागणंच बरोबर. म्हणून घटस्फोट झाल्यावर वारसाचा फॉर्म नवा भरा. निकालपत्र त्याची जागा घेत नाही.

सोशल सिक्युरिटीचं गणित याहून निराळं. तिथे कोर्टाची ऑर्डर चालतच नाही. लग्न घटस्फोटापर्यंत किमान दहा वर्षं टिकलं असेल, तुम्ही बासष्ट पूर्ण केली असतील आणि पुन्हा लग्न केलं नसेल, तर पूर्वीच्या नवऱ्याच्या नोंदीवर तुम्हाला त्याच्या पूर्ण पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र तुमच्या स्वतःच्या कमाईवरची पेन्शन त्याहून कमी असायला हवी. याने त्याचं एक डॉलरही कमी होत नाही आणि त्याची परवानगी लागत नाही. लग्नाला नऊ वर्षं आणि काही महिने झाले असतील, तर अंतिम निकालाची तारीख ठरवण्याआधी वकिलाशी यावर जरूर बोला.

तुमची मुलगी किंवा बहीण या वाटेवर असेल, तर तिला एवढंच सांगा: करारावर सही करण्याआधी क्वाड्रोचा मसुदा मागव आणि शक्य असेल तर निकालाच्याच दिवशी त्यावर न्यायाधीशांची सही घे. मग ती ऑर्डर योजनेकडे पोहोचली की नाही आणि मंजूर झाली की नाही, हे तूच विचारत राहा. निकाल लागला की वकिलांची फाइल बंद होते, त्यामुळे हा पाठपुरावा दुसरं कोणी करत नाही.