कीबोर्डला पासवर्ड कसा कळला?

प्रश्न : मी अहेरीत अंगणवाडी सेविका आहे. मेसेज लिहिताना कीबोर्ड माझा पासवर्ड सुचवतो. असं का?

उत्तर : ताई, पासवर्डच्या चौकटीत लिहिलेलं चांगले कीबोर्ड सहसा साठवत नाहीत. पण तोच पासवर्ड कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर कीबोर्डच्या लेखी तो साधा शब्द ठरतो. दोन-तीनदा लिहिला की शब्दसंग्रहात जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडे एक फोन घरभर फिरतो, त्यामुळे ती सूचना कुणालाही दिसू शकते.

सिंक चालू असेल, तर हा शब्दसंग्रह कंपनीच्या सर्व्हरवरही जातो. जुलै २०१६ मध्ये स्विफ्टकी कीबोर्डवर काहींना अनोळखी लोकांचे ईमेल पत्ते सुचू लागले. कंपनीला सिंक थांबवावं लागलं. म्हणून सिंक बंदच ठेवा, असं माझं मत.

जीबोर्ड असेल, तर ती सूचना दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या कचरापेटीत ओढा. सगळंच पुसायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये Delete learned words and data निवडा. मात्र पाठवलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये राहतोच, त्यामुळे पासवर्ड आजच बदला.