सभेचे इतिवृत्त : जसे घडले तसे, आणि पुढे कोणी काय करावयाचे ते

पेडणे-डिचोलीकडील आपल्या संस्थांत इतिवृत्ताची वही नवी नाही. देवस्थानांचा कारभार महाजनांविषयीच्या १९३३ च्या नियमावलीप्रमाणे चालतो, आणि तालुक्याचा मामलेदार हा त्यांचा प्रशासक असतो. म्हणजे सभेला हजर नसलेल्या माणसालाही ती वही वाचून अर्थ लावावा लागतो. धर्मादाय संस्थेच्या वहीचेही तसेच आहे. तिचा खरा वाचक पुष्कळदा दहा वर्षांनंतर येणारा नवा चिटणीस असतो.

नमुन्यादाखल एक नोंद घेऊ. १२ एप्रिलच्या सभेनंतर चिटणीसांनी असे लिहिले :

“वाचनालयाच्या छपराविषयी गरमागरम चर्चा झाली. खजिनदारांनी समाधानकारक हिशेब न दिल्याने सर्वांनी तीव्र नाराजी दर्शविली. पावसाळ्यापूर्वी कौले परतून घ्यावीत व हिशेबाचेही बघावे, असे सर्वानुमते ठरले.”

वाचायला नोंद ठीक वाटते. पण तिच्यात तीन दोष आहेत. ‘समाधानकारक’ आणि ‘तीव्र’ हे लिहिणाराचे मत झाले, घटना नव्हे. उद्या खजिनदारांच्या मुलाने ही वही उघडली, तर वडिलांवर संशय होता एवढेच त्याला कळेल. काय कमी होते ते कळणार नाही. ‘सर्वानुमते’ हा शब्द सवयीने पडला. प्रत्यक्षात दोघांनी विरुद्ध मत दिले होते. आणि ‘परतून घ्यावीत’, ‘बघावे’ या क्रियापदांना कर्ताच नाही. आपल्या भाषेत ‘करावे असे ठरले’ म्हटले की वाक्य पूर्ण होते, पण काम कोणाच्याच अंगावर पडत नाही.

चिटणीसांनी सभेतली टिपणे पुन्हा काढून नोंद अशी लिहिली :

“विषय ३. वाचनालयाचे छप्पर. मागील दुरुस्तीच्या १८,००० रुपयांपैकी ४,५०० रुपयांच्या पावत्या सभेपुढे नव्हत्या. दोन सभासदांनी त्या मागितल्या. पावत्या घरी असून २० एप्रिलपर्यंत देईन, असे खजिनदारांनी सांगितले.

ठराव : कौले परतण्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत खर्च करावा. बाजूने ९, विरुद्ध २. संमत.”

कामे त्यांनी ठरावात न मिसळता खाली निराळी मांडली :

१. पावत्या चिटणीसांकडे देणे. जबाबदारी : खजिनदार. मुदत : २० एप्रिल.
२. दोन कारागिरांकडून अंदाजपत्रके आणणे. जबाबदारी : चिटणीस. मुदत : ३० एप्रिल.
३. काम पूर्ण करून घेणे. जबाबदारी : ठरली नाही. मुदत : ‘पावसाळ्यापूर्वी’ एवढेच ठरले.

तिसरी ओळ नीट पाहावी. गोव्यात पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून ‘२५ मे’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. चिटणीसांनी तसे करू नये. सभेने न दिलेली तारीख वा न नेमलेला माणूस घालणे म्हणजे सभेच्या नावावर आपला निर्णय खपविणे होय. मोकळी जागा मोकळीच दाखवावी आणि त्याच दिवशी अध्यक्षांना विचारावे. येथे अध्यक्षांनी इमारत समितीच्या प्रमुखांना विचारले. त्यांनी २५ मे ही तारीख स्वीकारली. ही गोष्ट ‘सभेनंतर, १४ एप्रिल रोजी अध्यक्षांनी नेमले’ अशी वेगळी नोंदली आणि पुढील सभेच्या मान्यतेसाठी ठेवली. जुन्या नोंदीवर विसंबून राहिले असते, तर मे महिना सरताना प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले असते, आणि पुस्तके भिजल्यावर दोष कोणाचा, यावर आणखी एक गरमागरम चर्चा झाली असती.

कामाच्या एका ओळीत एकच काम आणि एकच जबाबदार व्यक्ती असावी. मदतीला चौघे असोत, पण विचारायचे कोणाला ते एक नाव हवे. ‘संबंधितांनी’, ‘लवकरात लवकर’, ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द दिसले की तेथे माणूस, तारीख किंवा काम हरवले आहे असे समजावे.

हे पुनर्लेखन कच्च्या मसुद्यापुरतेच आहे. पुढील सभेत इतिवृत्त कायम होऊन अध्यक्षांची सही झाली, की त्यात खाडाखोड करू नये. चूक आढळल्यास त्या पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव घ्यावा. जुने पान तसेच राहू द्यावे. तक्रारीचा मजकूर गाळणे हाही निःपक्षपातीपणा नव्हे. पावत्या नव्हत्या ही घटना राहिलीच पाहिजे. केवळ तिच्यावरील राग जावा.

मसुदा बरोबर उतरला की नाही हे ताडण्यास, सभेला न आलेल्या एका सभासदास तो वाचावयास द्यावा आणि विचारावे : काय ठरले, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत? तो अडखळेल तेथे ओळ दुरुस्त करावी. पुढील सभेत प्रथम ही कामांची यादी वाचावी आणि प्रत्येकापुढे ‘झाले’ किंवा ‘झाले नाही, नवी मुदत अमुक’ असे लिहावे.