खातं हॅक झालं की गिऱ्हाइकाला काय कळवायचं

हे बघ पोरी, फराळाच्या ऑर्डरींचं इन्स्टाग्राम खातं चोराच्या हातात गेलं, तर खातं परत मिळवायची खटपट कर, पण त्याआधी गिऱ्हाइकांना सूचना गेली पाहिजे. चोराचा डोळा तुझ्या फोटोंवर नसतो, तुझ्या नावावरच्या विश्वासावर असतो. तो स्टोरी टाकणार, ‘दिवाळी ऑफर, आज पैसे भरा, निम्म्या दरात फराळ’, आणि खाली स्वतःचा क्यूआर कोड.

सूचना त्या खात्यावरून द्यायला जाऊ नकोस, तो ती पुसून टाकेल. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर, स्टेटसवर टाक आणि दुकानाच्या दारावर कागद लाव. गोची अशी की ‘आमचं जुनं खातं गेलं, इथे या’ असं चोरही लिहू शकतो. म्हणून सूचनेत लिंक अजिबात नको. गिऱ्हाइकाच्या घरात आधीपासून असलेल्या वस्तूकडे बोट दाखव. गेल्या वर्षीच्या चिवड्याच्या डब्यावर छापलेला तुझा नंबर चोराला बदलता येत नाही.

मी असं लिहीन: ‘आमचे इन्स्टाग्राम खाते शनिवारी रात्री 9 पासून आमच्या ताब्यात नाही. त्यानंतर तिथून आलेला मेसेज, क्यूआर किंवा लिंक आमची नाही. कोणी आगाऊ पैसे किंवा मोबाइलवर आलेला कोड मागितला, तर देऊ नका. ऑर्डरसाठी डब्यावरच्या नंबरवर फोन करा. तिथल्या क्यूआरवर पैसे भरले असतील, तर लगेच 1930 वर कळवा.’

वेळ घालायची ती याचसाठी. वेळ नसली की शुक्रवारी खरोखर ऑर्डर दिलेली बाईसुद्धा घाबरून फोन करत बसते. नक्की वेळ माहीत नसेल, तर तुझी शेवटची खरी पोस्ट कोणती ते सांग. कोडाचं वाक्यही गाळू नकोस. ‘चुकून तुझ्याकडे कोड आलाय, पाठव ना’ असं तुझ्या नावाने विचारून तो गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॲपही घेतो. 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर ते अडवता येण्याची आशा असते, दोन दिवसांनी फारशी नाही. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते.

खात्यातल्या जुन्या मेसेजमध्ये लोकांचे पत्ते, फोन नंबर पडलेले असतात, ते आता चोराकडे गेले. तेही सांगून टाक, म्हणजे ‘कुरिअरवाला बोलतोय’ असा फोन आला तर बायका सावध राहतील. लपवलंस आणि नंतर कळलं, तर पुढच्या दिवाळीला तुझ्याकडे कोण येईल?

खातं परत आलं की लगेच ‘आलो परत’ म्हणू नकोस. पासवर्ड बदल, अनोळखी फोन लॉगआउट कर, चोराने स्वतःचा ईमेल किंवा नंबर जोडून ठेवलाय का बघ, टू-स्टेप सुरू कर. मग दुसरी सूचना दे, त्यातही अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं काहीच आमचं नव्हतं, हे लिही. दारावरचा कागद मात्र दिवाळी उरकेपर्यंत काढू नकोस, काहींनी त्या क्यूआरचा फोटो जपून ठेवलेला असतो.