बादली खाली ठेव

चि. छकुलीस,


काल वहिनीचा फोन झाला. तिने बोलता बोलता सांगितलं, की वाघोलीत तुमच्या बिल्डिंगला दुपारनंतर पाणी नसतं आणि तू खालच्या टाकीवरून बादल्या भरून तिसऱ्या मजल्यावर नेतेस. सहावा महिना लागलाय ना तुला? डॉक्टरांनी जड उचलू नको म्हणून बजावलंय ना? खरं असेल तर आधी ती बादली खाली ठेव. वाचायचं ते मग वाच.

तू म्हणशील, गच्चीवरची टाकी दोनला रिकामी होते आणि टँकर संध्याकाळी येतो, त्याला मी काय करू? पण ती टाकी रिकामी कोण करतं? दिवाळीत आले होते तेव्हा मी पाहिलंय. नळ पुरता सोडायचा, भांडी खाली ठेवायची, एका हातात घासणी आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन. मी गप्प बसले, कारण सासूबाई समोर होत्या. आता बोलते.

ओट्याच्या नळाखाली एक लिटरचं माप धर आणि घड्याळात बघ. माझ्याकडे पाच सेकंदांत भरलं होतं, म्हणजे मिनिटाला 12 लिटर. दिवसभराची भांडी धुताना नळ दहा मिनिटं वाहिला तरी 120 लिटर गेले. नळाच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते, एरेटर म्हणतात तिला. ती पाण्यात हवा मिसळते. धार फेसाळ, भरल्यासारखी दिसते, पाणी मात्र कमी पडतं. मी कमी धारेची जाळी बसवली. तेच माप भरायला पंधरा सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला चार लिटर. भांड्यांना दहाच्या जागी बारा मिनिटं लागतात, हे आधीच सांगते. तरी 48 लिटरमध्ये काम होतं. रोजचे 72 लिटर वाचले.

जुनी जाळी काढून दुकानात सोबत न्यावी, कारण काही नळांना आटे आतून असतात, काहींना बाहेरून. पाकिटावर मिनिटाला किती लिटर ते छापलेलं असतं, ते वाचूनच घ्यावी. पान्याखाली फडकं धरलं की नळावर ओरखडे येत नाहीत. आट्यांतून पाणी झिरपलं तर आतलं रबरी वायसर वाकडं बसलंय असं समज. टँकरच्या जड पाण्याने काही आठवड्यांत धार तिरकी उडू लागेल, तेव्हा जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायची. बाथरूममध्ये बादली भरायच्या नळाला मात्र ही बसवू नकोस. बादलीला लागायचं तेवढं पाणी लागतंच, उगाच वेळ जातो. आणि हे सगळं जावईबापूंनी करायचं. तू स्टुलावर चढायचं नाहीस, ओट्यावर वाकायचं नाहीस.

एका घराने टाकी दुपारनंतर टिकणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून आधी तुझ्याकडे मोजा आणि आकडे मीटिंगमध्ये सांगा. तुमच्या विंगमध्ये 28 घरं. प्रत्येकाचे 72 धरले तर दिवसाला दोन हजारांवर लिटर होतात, पाच दिवसांत दहा हजारांचा एक टँकर. कुणाच्या घरी भांडी कमी, कुणाचा नळ आधीच बारीक, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरी टाकी दोनच्या पुढे जाईल. तोपर्यंत बादल्या कोण आणणार, हे तुझ्या घरातल्या बाकीच्या तिघांनी ठरवावं.

एवढं का बोलते, ते तुझ्या बाबालाही कधी सांगितलं नाही. 72 च्या दुष्काळात तो आईच्या पोटात होता. विहिरीवर नंबर लावायला आई पहाटे उठायची. घागरीचा आवाज व्हायचा, मी बारा वर्षांची घोडी, जागी असायचे आणि गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचे. आईने कधी हाक मारली नाही. ती मारेल म्हणून मी वाट बघायचे, आणि मारली नाही की बरंही वाटायचं. एकदा तरी आपणहून उठायला हवं होतं गं.

रागावले असेन तर मनावर घेऊ नकोस. भांडी धुताना तू फोनवर बहुतेक वेळा माझ्याशीच बोलत असतेस, हेही मला माहीत आहे. यापुढे मीच फोन करीन, तू कोचावर पाय वर घेऊन बसल्यावर. आणि पुढच्या महिन्यात राहायलाच येते. सासूबाईंना सांग, आत्याला वेगळी खोली नको, तुझ्याजवळ खाली गादी टाकली तरी पुरे. डिंकाचे लाडू करायला घेतलेत. खोबरं जास्त घालते, तुला आवडतं तसं.

तुझी,
आत्या